पॅटर्न उचलला नाहीत, त्याबद्दल

फाउंड्रीच्या मागच्या अंगाला पॅटर्नचं स्टोअर असतं. उंच लोखंडी रॅक, त्यांवर लाकडाचे आणि ॲल्युमिनियमचे नमुने, प्रत्येकावर रंगानं लिहिलेला पार्ट नंबर. पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, ट्रॅक्टरचं एखादं हाउसिंग, जे काही बिडात ओतायचं असेल त्याचा हा नमुना. मापानं तो किंचित मोठा ठेवतात, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. हा नमुना वाळूत दाबून काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी उरते आणि तिच्यात रस ओततात. कोल्हापूरच्या आसपास, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात अशा फाउंड्र्या दाटीनं आहेत आणि त्यांच्या रॅकवरचे पुष्कळसे पॅटर्न फाउंड्रीमालकाचे नसतात. त्यांचे पैसे ग्राहकानं भरलेले असतात, मालकी त्याची असते, आणि फाउंड्रीनं ते फक्त सांभाळायचे असतात.

त्यामुळे या धंद्यातला ग्राहक नाराज झाला की फार बोलत बसत नाही. एक दिवस गेटवर टेम्पो येतो, ड्रायव्हरच्या हातात पत्र असतं, आणि पॅटर्न दुसऱ्या फाउंड्रीकडे रवाना होतो. पॅटर्न उचलला, एवढं म्हटलं की या भागात पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

अशा फाउंड्रीचा मालक जेव्हा वर्षातून एकदा ग्राहकांना जेवायला बोलावतो आणि जेवणाआधी चार शब्द बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. तरीही बहुतेक वेळा आपल्या कानावर पडतं ते असं: आपल्या सर्वांच्या अमूल्य सहकार्यामुळे आज आम्ही ही प्रगती करू शकलो, ग्राहक हाच आमचा देव, गुणवत्ता हेच आमचं ब्रीद, यापुढेही असाच लोभ असावा. बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या मनात खरोखर कृतज्ञता असते. पण हेच भाषण प्लास्टिकच्या बाटल्या करणाऱ्यानं केलं असतं तरी चाललं असतं, आणि समोर बसलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आपल्याला इथे कशासाठी बोलावलं, आपण या माणसाचं नेमकं काय भलं केलं, हे त्याला त्या भाषणातून कळत नाही.

एक फाउंड्री डोळ्यांसमोर धरू आणि तिच्या मालकाचं भाषण कसं तयार होतं ते पाहू. ती गोकुळ शिरगावात आहे, चाळीसेक माणसं आहेत, ग्रे आयर्नचं काम आहे. वीस-बावीस ग्राहक आहेत. त्यांतले काही पुण्याकडचे, एक तमिळनाडूतल्या होसूरचा, दोन-तीन कोल्हापूरच्याच उद्यमनगरातले. हॉटेलच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं येणार आहेत. मालक साठीला आलेले आहेत आणि त्यांना बोलायची सवय नाही.

भाषणाला लागणारा मजकूर आठवणीतून काढायला गेलं की मोठमोठे शब्दच आधी वर येतात. तो कारखान्याच्या कागदांत शोधावा. त्यातही सर्वांत उपयोगी वही म्हणजे रिजेक्शन रजिस्टर. कोणत्या तारखेला, कोणत्या ग्राहकाकडून, कोणत्या पार्टचे किती नग परत आले आणि कारण काय, हे त्यात लिहिलेलं असतं. कृतज्ञतेच्या संध्याकाळी परत आलेल्या मालाची वही उघडायची हे विचित्र वाटेल. पण सगळं सुरळीत चालू असताना ग्राहक पुरवठादारासाठी वेगळं काही करत नाही. ऑर्डर देतो, माल घेतो, पैसे देतो. माल बिघडल्यावर तो कसा वागला, यातच त्याचं मोठेपण दिसतं, आणि ते वागणं तारखेसकट या वहीत असतं.

आपल्या मालकांना या वहीत एक जुलै महिना सापडतो. पुणे जिल्ह्यातल्या पंपाच्या कंपनीकडे गेलेल्या 240 केसिंगपैकी 27 परत आली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ब्लो होल.

ही भानगड समजल्याशिवाय त्या ग्राहकाच्या वागण्याची किंमत कळणार नाही. पंपाचं केसिंग आतून पोकळ असतं. ती पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचाच एक कडक गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. कोअरची वाळू एकमेकांना धरून राहावी म्हणून तिच्यात बाइंडर घालतात. सुमारे 1,400 अंश सेल्सियसचा रस कोअरला भिडला की बाइंडरचा वायू होतो. कोअरच्या टोकाला ठेवलेल्या बारीक वाटेनं तो साच्याबाहेर निघून जायला हवा. ती वाट बुजलेली असेल किंवा कोअर ओलसर असेल, तर वायू रसात शिरतो आणि बीड गोठताना आत बुडबुडा अडकतो. ही भोकं पृष्ठभागाच्या जरा खाली असतात. फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग होऊन निघालेलं केसिंग डोळ्याला अगदी चांगलं दिसतं. ग्राहकाकडे लेथवर चढून दोन-तीन मिलिमीटर धातू उतरला की मगच गुळगुळीत भिंतीचं गोल भोक उघडं पडतं. तोवर ग्राहकाचा मशीनवरचा वेळ, टूल आणि माणसाची मजुरी खर्च झालेली असते. म्हणजे फाउंड्रीच्या चुकीची किंमत कास्टिंगच्या किमतीपेक्षा बरीच जास्त होते आणि ती आधी ग्राहकाच्या खिशातून जाते.

पंपाच्या कंपनीनं त्या जुलैमध्ये काय केलं? तिचे क्वालिटीचे साहेब पावसात पुण्याहून निघून गोकुळ शिरगावात आले. येताना परत पाठवायची सगळी केसिंग गाडीत घालून आणली आणि फाउंड्रीच्या फरशीवर हीट नंबरप्रमाणे मांडली. भट्टीच्या प्रत्येक ओतकामाचा नंबर कास्टिंगवर उठवलेला असतो, त्यावरून कोणता नग कधी ओतला हे कळतं. मांडणी झाल्यावर दिसलं की 27 पैकी 22 नग साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओतलेले होते. भोकं खोलवर आणि खडबडीत भिंतीची असती तर रस आकसताना कमी पडल्याचा संशय आला असता. भोकांत वाळूचे कण असते तर साचा ढासळला असं म्हणता आलं असतं. इथे भिंती गुळगुळीत होत्या आणि भोकं कोअरच्याच बाजूला होती. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी केलेले कोअर दीड दिवस रॅकवर पडून राहिले होते. सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइडनं कडक केलेले कोअर हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि जुलैतली कोल्हापूरची हवा कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसापासून फाउंड्रीनं दोन गोष्टी बदलल्या. पावसाळ्यात आजचा कोअर आजच वापरायचा, आणि राहिलाच तर दुसऱ्या दिवशी गरम करून घेतल्याशिवाय साच्यात ठेवायचा नाही.

हा सगळा तपशील भाषणात घालायचा नाही. पण मालकांना तो माहीत असल्यामुळेच ते दोन वाक्यांत नेमकं बोलू शकतील. आमच्या अडचणीच्या काळात तुम्ही मदत केलीत, असं म्हटलं तर साहेब मान हलवतील. तुम्ही 27 केसिंग फरशीवर मांडून आमचा दोष आम्हाला दाखवलात, असं म्हटलं तर त्यांना तो दिवस आठवेल, आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांना हा माणूस कोण आहे ते कळेल.

याच प्रसंगात एक गोष्ट मात्र अशी आहे जी मनात कितीही असली तरी माइकवर घेण्याआधी विचार करावा लागतो. माल नापास झाला की ग्राहक डेबिट नोट पाठवतो. त्यात कास्टिंगची किंमत तर असतेच, वर झालेल्या मशीनिंगचा खर्चही लावता येतो. आपण धरलेल्या उदाहरणात त्या कंपनीनं फक्त कास्टिंगची किंमत कापली, मशीनिंगची रक्कम सोडून दिली. मालकांच्या दृष्टीनं हा सर्वांत मोठा उपकार, आणि त्यांना तो सर्वांसमोर सांगायचा आहे. पण ही सूट ज्या अधिकाऱ्यानं दिली त्याच्या शेजारी त्याच्याच कंपनीचे हिशेबाचे लोक बसले असतील. उद्या त्याला विचारलं जाऊ शकतं की हे कुणाच्या अधिकारात केलं. हॉलमधला दुसरा ग्राहक मनात म्हणेल, की आम्ही तर पूर्ण रक्कम लावली होती, म्हणजे आम्ही वाईट का? जाहीर आभारानं ज्याचे आभार मानायचे तोच अडचणीत यावा, असं या क्षेत्रात सहज होऊ शकतं. ग्राहकाच्या माणसानं पुरवठादाराला केलेली मदत पुष्कळदा नियमाच्या कडेनं चाललेली असते: लवकर पास केलेलं बिल, एक दिवस थांबवून ठेवलेली तक्रार, मापातल्या किरकोळ फरकासह घेतलेला एखादा लॉट. असे आभार जेवताना, टेबलाशी जाऊन, हात हातात घेऊन मानायचे. व्यासपीठावरून जे सांगायचं ते त्या माणसाला आठवडाभर आधी फोन करून विचारून घ्यायचं. मला ही चौकशी भाषणाच्या शब्दांइतकीच महत्त्वाची वाटते.

ज्याचा पार्ट आहे त्याचं ड्रॉइंग, दर आणि महिन्याचा आकडा हेही असंच जपायचं असतं. एकाच हॉलमध्ये पंप करणाऱ्या दोन कंपन्या बसलेल्या असू शकतात. एकीच्या नव्या मॉडेलचं केसिंग आपण ओततो हे दुसरीला आपल्या भाषणातून कळू नये.

बाकीचे दोन प्रसंग पॅटर्नच्या स्टोअरमध्ये सापडतात. सर्वांत खालच्या रॅकवर सागवानाचा एक पॅटर्न आहे, कडबाकुट्टीच्या चाकाचा. तो उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपचा आहे. फाउंड्री सुरू झाली तेव्हा नव्या माणसाकडे पॅटर्न द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा या वर्कशॉपवाल्यानं तो आणून दिला आणि कच्चं बीड घ्यायला आगाऊ पैसेही दिले. आजही त्यांची ऑर्डर महिन्याला पन्नास-साठ चाकांची आहे. उलाढालीच्या यादीत ते शेवटून दुसरे येतील. दुसरा प्रसंग पुराचा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. गोकुळ शिरगाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, म्हणजे पुण्याकडे जाणारा ट्रक नदीच्या अलीकडेच अडकला. ट्रॅक्टरची हाउसिंग गाडीत भरलेली होती, आणि तिकडे ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबायची वेळ आली होती. त्यांच्या प्लॅनिंगच्या माणसानं त्या आठवड्यात दुसऱ्या मॉडेलचं काम पुढे ओढलं आणि लाइन चालू ठेवली.

तीन प्रसंग पुरे झाले. याहून जास्त घेतले की ऐकणारा मोजायला लागतो. क्रम मात्र उलाढालीचा नको, पॅटर्नच्या वयाचा हवा. आधी कडबाकुट्टीवाले, मग पंपवाले, मग ट्रॅक्टरवाले. यानं मोठा ग्राहक दुखावत नाही, कारण क्रम कशावरून लावला हे मालक स्वतःच सांगतात. आणि लहान ग्राहकाला पहिल्यांदा सर्वांसमोर पहिली खुर्ची मिळते.

भाषण साधारण असं उतरतं. माणसांची नावं मी गाळली आहेत. प्रत्यक्ष बोलताना ती घ्यायलाच हवीत, आणि उच्चार आधी विचारून घ्यायला हवेत.

"नमस्कार मंडळी. जेवण तयार आहे, त्यामुळे मी सात मिनिटांत थांबणार आहे.

आमच्या पॅटर्न स्टोअरमध्ये तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचं काही ना काही ठेवलेलं आहे. त्याची मालकी तुमची, आम्ही राखणदार. काल मी ते स्टोअर फिरून आलो आणि सर्वांत जुन्या पॅटर्नपासून आज बोलायचं ठरवलं.

सर्वांत जुना पॅटर्न सागवानी आहे, कडबाकुट्टीच्या चाकाचा. तो ज्यांचा आहे ते काका आज दुसऱ्या टेबलावर बसलेत. आमची भट्टी नवीन होती. मी ओतलेलं एकही कास्टिंग तोवर बाजारात गेलेलं नव्हतं. काकांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून हा पॅटर्न आणला आणि बीड घ्यायला पैसे दिले. मी म्हटलं, काका, चाकाला तडा गेला तर? ते म्हणाले, तर दुसरं ओत. काका, पहिल्या दहांतली तीन चाकं खरंच तडकली होती. तुम्ही एकदाही पुन्हा विचारलं नाहीत. तो पॅटर्न आम्ही दर पावसाळ्याआधी खाली काढतो, पुसतो, पॉलिश करतो आणि परत ठेवतो. तो आमच्याकडे आहे याचा मला अभिमान आहे.

दुसरं सांगायचंय ते पंपाच्या केसिंगबद्दल. एका पावसाळ्यात आम्ही तुम्हाला 27 खराब केसिंग दिली. बाहेरून चांगली होती, तुमच्या लेथवर गेल्यावर भोकं निघाली. तुमचा मशीनवरचा वेळ गेला. मला वाटलं, आता पॅटर्नसाठी टेम्पो येणार. टेम्पो आला, पण त्यातून आमचीच केसिंग उतरली आणि मागोमाग तुमचे क्वालिटीचे साहेब उतरले. त्यांनी ती आमच्या फरशीवर ओळीनं मांडली आणि माझ्या लोकांना विचारलं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वेगळं काय करता? आम्हाला उत्तर सापडलं. कोअर रात्रभर पावसाळी हवेत राहत होते. त्या दिवसापासून पावसाळ्यात शिळा कोअर आम्ही गरम केल्याशिवाय वापरत नाही. साहेब, कोअर शॉपमधल्या आमच्या ताई तिथे मागे बसल्या आहेत. तुम्ही गेल्यावर त्यांनी भिंतीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आजचा कोअर आज. अजून ते तिथेच आहे. ताई, जरा उभ्या राहा, साहेबांना दिसू दे.

आणि हा टेबलावर ठेवलेला पंप तुम्ही आज आमच्यासाठी आणलात. माझी माणसं रोज केसिंग ओततात, पण रंग दिलेला, मोटर लावलेला पूर्ण पंप त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी आजवर जवळून पाहिलेला नव्हता. येताना सगळ्यांनी त्याला हात लावून पाहिला. त्याबद्दलही मनापासून आभार.

तिसरं, 2019 चा पूर. शिरोलीला रस्त्यावर पाणी होतं. तुमची हाउसिंग भरलेला आमचा ट्रक नदीच्या अलीकडे उभा होता. चिखली, आंबेवाडीची आमची काही मुलं घरच्यांना बाहेर काढायला गेलेली होती, भट्टी बंद होती. तुमच्या प्लॅनिंगमधल्या साहेबांचा फोन आला. मी माल कधी पोचेल ते सांगायला लागलो, तर ते म्हणाले, मालाचं नंतर, आधी माणसं सगळी सापडली का सांगा. मग म्हणाले, आम्ही इकडे दुसरं मॉडेल घेतलंय, तुम्ही रस्ता खुला झाल्यावर निघा. दुसऱ्या फाउंड्रीतून तो माल करून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क होता. तुमचा पॅटर्न आमच्या रॅकवरच राहिला. आमच्या माणसांपैकी ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांचा पगार पुढच्या महिन्यात वेळेवर झाला तो यामुळे झाला. ती मुलं आज इथे आहेत, त्यांच्याकडून मी हे सांगतोय.

तुमच्यातल्या सगळ्यांबद्दल आज बोलता येणार नाही, पण प्रत्येकाच्या पॅटर्नची एक गोष्ट माझ्याकडे आहे. जेवताना मी टेबलाटेबलावर येणार आहे, तेव्हा सांगतो.

एक गोष्ट तुम्हाला कबूल करतो. येत्या जूनच्या आधी पॅटर्न स्टोअरचं छप्पर बदलून घेतो. मागच्या पावसात एका कोपऱ्यात पाणी टपकलं, कुणाचा पॅटर्न भिजला नाही, पण भिजू शकला असता. काम झालं की प्रत्येकाला फोटो पाठवतो.

आता जेवायला चला. तांबडा आणि पांढरा दोन्ही आहे, आणि शाकाहारी मंडळींसाठी डाव्या हाताला वेगळी मांडणी आहे."

हे वाचून पाहिलं तर सहा-सात मिनिटं होतात. ठरलेल्या वेळेत थांबायचं असेल तर घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्यानं वाचून पाहावं लागतं, कारण प्रत्यक्ष बोलताना माणूस कडबाकुट्टीच्या गोष्टीत रमतो आणि पुराला वेळ उरत नाही. होसूरचे पाहुणे मराठी जाणत नसतील तर संपूर्ण भाषणाचं भाषांतर करत बसू नये, त्यानं लय मोडते. त्यांच्या टेबलावर मराठी समजणारं कुणीतरी बसवावं, आणि मालकांनी त्यांची गोष्ट त्यांच्याशी हिंदीत बोलावी.

पगाराचं वाक्य भाषणात का आहे, ते सांगायला हवं. ग्राहकानं धीर धरला, एवढं म्हणून आभार पूर्ण होत नाहीत. त्या धीराचं पुढे काय झालं, ते कुणापर्यंत पोचलं, हे ग्राहकाला कधीच दिसलेलं नसतं. प्लॅनिंगमधल्या माणसानं संगणकावर दोन ओळी वरखाली केल्या, त्याच्यासाठी विषय तिथे संपला. चिखलीच्या मुलाचा पगार त्या दोन ओळींनी वाचला, हे त्याला सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो आज माइकसमोर उभा आहे.

या भाषणात काही गोष्टी मुद्दाम नाहीत. नवी इंडक्शन भट्टी घेतली, क्षमता वाढली, नवे पार्ट द्या, असं एकही वाक्य नाही. खरेदीच्या माणसाला विक्रीचा वास फार लवकर येतो, आणि मग आधीचे आभारही त्याला त्याच कामासाठी केलेले वाटतात. भट्टी दाखवायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर चहाला बोलवावं.

दुसरी न बोललेली गोष्ट थकलेल्या बिलांची. छोट्या कारखानदाराच्या छातीवरचं हे सर्वांत मोठं ओझं, आणि बहुतेक ग्राहक एका छताखाली असल्यावर ते बोलून टाकण्याचा मोह होतो. कायदा त्याच्या बाजूनं आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली की ही मुदत उलटून गेली तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. म्हणजे बोलायला आधार आहे. पण या संध्याकाळी नाही. वेळेवर पैसे देणाऱ्यांचे जाहीर आभार मानले तर न देणारे टेबलाकडे पाहत बसतात, आणि जेवणाचं निमंत्रण वसुलीचं होऊन जातं. ते बोलणं कार्यालयात, समोरासमोर, बिलांची यादी हातात घेऊन करायचं.

छपराचं वचन मात्र मला फार आवडतं. सर्वोत्तम सेवा देत राहू, या वाक्याला तारीख नसते, त्यामुळे ते पाळलं की मोडलं हे कुणी तपासू शकत नाही. जूनच्या आधी छप्पर बदलतो, फोटो पाठवतो, हे तपासता येतं. शिवाय ते ग्राहकाच्या स्वतःच्या वस्तूबद्दल आहे, जी त्यानं विश्वासानं ठेवायला दिली आहे. असं वचन देताना खर्चाचा अंदाज आधी घेतलेला असावा आणि पत्रेवाल्याशी बोलणं झालेलं असावं. मे संपला आणि फोटो गेला नाही, तर पुढच्या वर्षीच्या भाषणावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

टेबलाटेबलावर जाण्याचं कबूल केलंय, त्याचीही तयारी लागते. उरलेल्या ग्राहकांसाठी प्रत्येकी एक वाक्य. ते ऑफिसातल्या मुलीनं चलनं आणि डेबिट नोटांच्या फायली चाळून काढायचं आणि मालकांच्या खिशातल्या चिठ्ठीवर टेबलाच्या क्रमानं लिहून द्यायचं. एकाकडे चुकून पाच नग जास्त गेले होते, त्यांनी फोन करून परत न्यायला सांगितलं. एकाच्या गेटवर आमचा ड्रायव्हर रात्री अकराला पोचला, तर स्टोअरकीपरनं माल उतरवून घेतला आणि त्याला जेवू घातलं. त्या स्टोअरकीपरला निमंत्रण गेलंय का, हे यादी करतानाच पाहायचं. आमंत्रणं बहुधा खरेदीप्रमुखांच्या नावानं जातात, आणि ज्यांनी प्रत्यक्ष काही केलं ते गोदामात आणि क्वालिटीच्या खोलीत असतात.

आणि हे सगळं दर वर्षी शेवटच्या आठवड्यात शोधत बसण्यापेक्षा रिजेक्शन रजिस्टरमध्येच एक रकाना वाढवावा. तारीख, पार्ट, नग, कारण, केलेला उपाय, इथवर रकाने आधीच आहेत. त्यापुढे, ग्राहकाकडून कुणी मदत केली आणि काय केली. त्या दिवशीच, सुपरवायझरच्या हातानं, नावासकट.